"मी कशी दिसते?" असं विचारू नका

या प्रश्नाला घरचे एकच उत्तर देतात: छान. आणि ज्यांना विचारलेलंच नसतं, ते जाता जाता काहीतरी बोलून जातात. इंदूरच्या राजवाड्याजवळ पार्लर चालवताना रोज बघते, मुली पहिलं विसरतात आणि दुसऱ्यावरून केसांना कात्री लावून घेतात.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली, साखरपुडा पंधरा दिवसांवर. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू खाताना मामी म्हणाली होती, "कपाळ केवढं मोठं दिसतंय गं तुझं!" दुसऱ्याच दिवशी तिने कुठेतरी जाऊन भुवयांपर्यंत फ्रिंज कापून घेतली. केस कुरळे, आणि कापले ओले. कुरळे केस वाळले की आखडून वर चढतात, तशी फ्रिंज कपाळाच्या मधोमध येऊन बसली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पंधरा दिवसांत काय होणार? पिना लावून बाजूला वळवले, तेवढंच.

मी विचारलं, त्या रात्री केस कसे होते? तेल लावून, मधोमध भांग पाडून मागे घट्ट बांधलेले. मामी खोटं बोलली नव्हती, पण ती बोलली त्या रात्रीच्या केसांबद्दल. "मामी, नेहमीच दिसतं की आजच?" एवढं तिथेच विचारलं असतं तर भांग बाजूला घेऊन काम भागलं असतं. मी असंच ठरवते: कशामुळे तसं वाटलं हे समोरच्याला सांगता आलं तर सल्ला. नाही आलं तर आणखी कुणी आपणहून तेच म्हणेपर्यंत थांबायचं. "माझं कपाळ मोठं आहे का?" विचारून मिळालेला होकार मी मोजत नाही. असं विचारल्यावर कुणालाही ते मोठंच दिसतं.

दुसरी चूक सेल्फीची. हात लांब करून काढलेला फोटो मैत्रिणीला पाठवायचा आणि विचारायचं, नाक मोठं दिसतं का? दिसणारच! कॅमेरा जवळ असला की नाक लेन्सला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं. 2018 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी हिशोब मांडला: एका फुटावरून नाक पाच फुटांपेक्षा जवळपास 30 टक्के रुंद दिसतं. म्हणून मागच्या कॅमेऱ्याने, पाच फुटांवरून, खिडकीच्या उजेडात, दुसऱ्याकडून फोटो काढून घ्या.

निघायच्या घाईत विचारू नका. फॅमिली ग्रुपवर तर नकोच, पहिल्याने जे लिहिलं तेच बाकीचे लिहितात.

मी असे दोन फोटो काढायला लावते, फरक फक्त एका गोष्टीचा, समजा भांगाचा. मग आई, बहीण, एखादी मैत्रीण यांना वेगवेगळं गाठून विचारायचं: "यातला कुठला, आणि का?" "दोन्ही छान" म्हणणाऱ्याला सोडून पुढच्याला विचारायचं. हे करायला एक संध्याकाळ जाते आणि मुलींना तेवढाही धीर नसतो. पण ते केल्याशिवाय घाईने आलेल्या मुलीची फ्रिंज मी कापत नाही.