मार्क-रिकॅप्चरचा अंदाज पेपरात मांडताना या चुका टाळा

समजा, निफाडकडच्या एका उसाच्या फडात तुम्ही सापळे लावले. पहिल्या रात्री 30 उंदीर सापडले. पाठीवरचे थोडे केस कातरून खूण केली आणि सोडून दिले. चार दिवसांनी 24 सापडले, त्यांत खुणेचे फक्त 3. मग मसुद्यात वाक्य येतं: ‘फडात 240 उंदीर आहेत.’ नाशिकमध्ये एम.एस्सी.चे प्रकल्प तपासताना या धाटणीचं वाक्य आलं की माझा पेन्सिलीकडे हात जातो.

240 आले 30 गुणिले 24 भागिले 3 करून. खुणेचे इतके कमी सापडले की हे साधं लिंकन-पीटरसन सूत्र संख्या फुगवतं. अशा वेळी चॅपमनचं सूत्र घ्या:

```
(30+1)(24+1)/(3+1) - 1 = 192.75
```

म्हणजे सुमारे 193. पण त्या 24 मध्ये खुणेचे 3 ऐवजी 4 निघाले असते, तर उत्तर 154 आलं असतं. एका उंदराने 39 चा फरक! म्हणून नुसता 193 लिहून भागत नाही.

आता या अंदाजाचं विश्वास-मध्यांतर. प्रमाणदोष 74 येतो. त्याला 1.96 ने गुणून दोन्हीकडे सारखं अंतर टाकलं, की 95% मध्यांतर 47 ते 338. इथे थांबा. 30 अधिक 24 वजा 3, म्हणजे 51 वेगवेगळे उंदीर तुम्ही स्वतः हाताळलेत. मग खालची हद्द 47 कशी? अनिश्चितता फक्त न सापडलेल्या उंदरांची आहे, म्हणून लॉग-नॉर्मल मध्यांतर त्यांच्यावरच काढा आणि त्यात 51 मिळवा. उत्तर 105 ते 423. वरची बाजू लांब दिसते, ती तशीच असू द्या. कोणत्या पद्धतीने काढलं तेही लिहा.

‘सर्व गृहीतकं पाळली’ हे वाक्य मात्र खोडाच. त्या चार दिवसांत शेजारच्या फडात ऊसतोड झाली का? तिथले उंदीर तुमच्या फडात शिरले असतील, तर खुणेच्यांचं प्रमाण घसरतं आणि 193 हा आकडा पहिल्या नव्हे, दुसऱ्या फेरीच्या वेळचा ठरतो. त्यात काही उंदीर बाहेरही गेले असतील, तर तो दोन्ही वेळांसाठी जास्तच. एकदा अडकलेला उंदीर सापळा टाळू लागला तरी अंदाज वाढतो; आमिषाला चटावला तर घटतो. दोनच फेऱ्यांत हे तपासता येत नाही. त्यासाठी जास्त रात्री आणि प्रत्येक उंदराला वेगळा क्रमांक लागतो. सगळ्यांना एकसारखे कातरलेले केस उपयोगाचे नाहीत.

मी असं लिहिलं असतं: ‘चॅपमन अंदाज 193 (95% लॉग-नॉर्मल मध्यांतर 105–423, पुन्हा सापडलेले 3). चार दिवसांत खुणा टिकल्या असं मानलं आहे. शेजारी तोड सुरू असल्याने बाहेरून उंदीर आल्याची शक्यता आहे. सर्व उंदीर सापडण्याची शक्यता सारखी होती का, हे तपासलेलं नाही.’