‘५६% सूट’ खरी की फुगवलेली? जुना भाव बघा

दिवाळी सेलमध्ये दिसणारी सूट बहुतेक वेळा एमआरपीवर मोजलेली असते आणि त्या एमआरपीला ती वस्तू एरवीही कुणी विकत नसतं. म्हणून टक्क्यांकडे न बघता आधीचा भाव बघा. ॲमेझॉनवरच्या वस्तूची लिंक Keepa या वेबसाइटवर टाकली, की तिच्या आधीच्या भावांचा आलेख दिसतो. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोन्हींसाठी BuyHatke चालतं.

आलेख किमान तीन महिन्यांचा, जमल्यास वर्षाचा घ्या. समजा, मिक्सरची एमआरपी ७,९९९ आणि सेलचा भाव ३,४९९ आहे, म्हणजे ५६% सूट. आलेखात मात्र जुलै-ऑगस्टभर रेष ३,२९९ वर सपाट दिसते, सेलच्या पंधरा दिवस आधी ४,१९९ वर चढते आणि सेलला ३,४९९ वर उतरते. म्हणजे मिक्सर नेहमीपेक्षा २०० रुपयांनी महागच झाला! एक-दोन दिवसांचा खोल खड्डा दिसला तर तो नेहमीचा भाव धरू नका. रेष सर्वांत जास्त दिवस जिथे टेकली असेल, तुलना त्या आकड्याशी करा.

आलेखात बँक कार्डाची सूट आणि कूपन सहसा धरलेलं नसतं, ते स्वतः वजा करा. मॉडेल क्रमांक, रंग, क्षमताही नीट जुळवा. आणि आलेख जेमतेम आठवड्याभराचा असेल, तर त्याच कंपनीच्या जुन्या, जवळपास तशाच मॉडेलचा भाव बघा. सेलच्या तोंडावर नव्या क्रमांकाने आलेल्या वस्तूला इतिहासच नसतो.