गंधाराची तरफ बोलेना, तेव्हा

यमन वाजवताना माझ्या सतारीचा गंधार कोरडा लागायचा. फोंड्यातला पावसाळा, म्हणून आधी दमट हवेवरच संशय घेतला. मग कागदाचा तांदळाएवढा तुकडा दुमडून गंधाराच्या तरफेवर, म्हणजे पडद्यांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारेवर ठेवला आणि वरच्या मुख्य, बाजाच्या तारेवर गंधार छेडला. कागद हललाच नाही. षड्जाच्या तरफेवरचा मात्र षड्ज छेडताच उडून पडला.

तरफ मी मोबाइलच्या ट्यूनरवर लावली होती, पडदा तानपुऱ्यावर कानाने. षड्ज १४० हर्ट्झ धरला, तर तानपुऱ्याशी मिळणारा गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे १७५. ट्यूनरचा समान अंतरांचा गंधार १७६.४. फरक एवढासाच, पण तरफेला तो फार होतो. घोडीतून येणारा प्रत्येक धक्का तिच्या स्वतःच्या झोक्याशी जुळला, तरच कंप साठत जातो. नाहीतर पुढचे धक्के आधीचा कंप मोडतात.

ट्यूनर बंद केला. पडद्यावर गंधार धरून करंगळीच्या नखाने तरफ छेडत खुंटी केसभर उतरवली. दोन्ही स्वरांमधली लाट मंदावत थांबली आणि कागद उडाला! बाजाची तार दाबून थांबवली, तरी गंधार आतून बराच वेळ ऐकू येत राहिला.

स्वर जुळूनही कागद हलला नाही, तर तार पडद्याला घासते का ते पाहा.