'यंत्राने लिहिलंय' असा शेरा आला? मजकूर दुरुस्त करताना या चुका टाळा

जलव्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला आपलं निवेदन दाखवलं. स्वतः लिहिलेलं असूनही तपासणीच्या सॉफ्टवेअरने त्यावर एआयचा शिक्का मारला होता. सुरुवात अशी होती:

'पाणी हे जीवन आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांना पाणीटंचाईचा सामना करावा लागतो. म्हणूनच मला या क्षेत्रात योगदान द्यायचे आहे.'

यातला पुढचा शब्द कुणालाही आधीच सांगता येतो. अशी काही सॉफ्टवेअर हेही मोजतात: पुढचा शब्द किती अपेक्षित आहे.

तिने आधी शब्द बदलून पाहिले होते. 'पाणीटंचाई'चं 'जलदुर्भिक्ष्य' झालं, 'योगदान'चं 'खारीचा वाटा'. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. विचार तोच राहतो आणि भाषा मात्र उसनी वाटू लागते. काही जण मुद्दाम शुद्धलेखन बिघडवतात. त्याने वाचणाऱ्या परीक्षकाचं मत तेवढं बिघडतं.

मी तिला वाक्यांखाली एकच प्रश्न लिहायला सांगितला: हे मला कशावरून कळलं? 'पाणी हे जीवन'खाली उत्तर नव्हतं, ते वाक्य गेलं. टंचाईखाली घरची विहीर आली. नवा मजकूर असा झाला:

'फेब्रुवारीत आमच्या विहिरीवरची मोटर वीस मिनिटांत पाणी सोडते. शेजारच्यांनी बोअर घेतल्यामुळे विहीर आटली, असं घरात सगळे म्हणतात. पण बोअरच्या आदल्या वर्षीही ती फेब्रुवारीतच आटली होती. विहिरीला वरच्या मुरमातलं पाणी येतं, बोअर खालच्या खडकाच्या भेगांतून ओढते. हे दोन थर आमच्याकडे जोडलेले आहेत का, हे मला शोधायचं आहे.'

खरी दुरुस्ती 'पण'पासून सुरू होते. वीस मिनिटं हा तपशील चांगलाच आहे, पण नुसते तपशील पेरले तर बातमी होते. घरच्यांचं म्हणणं तिने का मान्य केलं नाही, ते कारण फक्त तिचंच आहे. नुसतं 'मला वाटतं' जोडून ते येत नाही. आठवत नसलेला आकडा मात्र रचू नका, मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतो.

दुसरी अडचण राहतेच: इतकं करूनही शिक्का बसू शकतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एआयचा मजकूर ओळखणारं स्वतःचं साधन कमी अचूकतेमुळे जुलै 2023 मध्ये मागे घेतलं होतं. म्हणून सॉफ्टवेअर दाखवतं तो एआयचा टक्का खाली आणण्यासाठी पुनःपुन्हा खरडू नका, चांगली वाक्यंही त्यात मरतात. त्याऐवजी कच्चे मसुदे तारखेसह जपा, गूगल डॉक्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहतो. तिने वहीतलं ते पानही जपून ठेवलंय, ज्यावर वाक्य खोडून बाजूला 'विहीर?' असं लिहिलंय.