बीपी शिकवायचा तास उलटा कसा करावा

दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये आमचा दीड तास बोलण्यात जायचा. बीपी म्हणजे काय, कफ कुठं बांधायचा, वरचा आकडा कोणता, खालचा कोणता. उरलेल्या अर्ध्या तासात वीस विद्यार्थ्यांच्या कानाला स्टेथोस्कोप लागायचा आणि निम्मे म्हणायचे, "मॅडम, आवाजच यायला नाही की." मग वॉर्डात गेल्यावर तेच विद्यार्थी सगळ्यांचं बीपी १२०/८० लिहून मोकळे व्हायचे.

फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे हा क्रम उलटा करायचा. सांगण्याचा भाग घरी, करण्याचा भाग वर्गात. कौशल्य शिकवण्याची पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत नर्सिंगवाल्यांना माहीत असते: शिक्षक न बोलता करून दाखवतो, मग बोलत दाखवतो, मग विद्यार्थी सांगतो तसं शिक्षक करतो आणि शेवटी विद्यार्थी स्वतः करतो. पहिल्या दोन पायऱ्या व्हिडिओत टाकता येतात, पुढच्या दोन टाकता येत नाहीत. तासाची सगळी आखणी एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे. तापमान, नाडी आणि श्वसनाचे तास असेच आखता येतात. मी इथं बीपीच घेते, कारण चूक होऊनही न कळण्याची शक्यता त्यात सगळ्यात जास्त.

तीन दिवस आधी: घरचं काम

यूट्यूबवरचा इंग्रजी व्हिडिओ पाठवून भागत नाही. आपल्या कडच्या बहुतेक मुली बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या असतात, शिवाय व्हिडिओतलं यंत्र वेगळं आणि लॅबमधलं वेगळं. आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच डायलच्या यंत्रावर, फोनने दोन व्हिडिओ काढावेत. पहिला तीन मिनिटांचा, त्यात एक शब्दही बोलायचा नाही. दुसरा सहा मिनिटांचा, मराठीत समजावलेला. कफ, ब्रॅकियल, सिस्टोलिक हे शब्द मात्र परीक्षेत येतात तसेच ठेवायचे. फाइल लहान करून व्हॉट्सॲपवर टाकावी. तांड्यावर, वस्तीवर रेंज नसते, घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर शेतात असतो. अशा मुलींसाठी तोच व्हिडिओ लॅबच्या कॉम्प्युटरवर ठेवून कॉलेज सुटल्यावर अर्धा तास लॅब उघडी ठेवा.

सोबत हाताने करायचं एक काम द्यावं: घरातल्या किंवा हॉस्टेलमधल्या तिघांच्या कोपराच्या खळग्यात, आतल्या बाजूला, ब्रॅकियल नाडी बोटांनी शोधायची आणि ती कुठं लागली तिथं पेनाने ठिपका काढून फोटो ठेवायचा. व्हिडिओ न बघता हे जमत नाही, त्यामुळे कुणी बघितला ते वेगळं विचारावं लागत नाही.

वर्गातली पहिली पंचवीस मिनिटं

चाळीसची बॅच असेल तर वीस-वीसच्या दोन तुकड्या करा. सुरुवातीला दहा मिनिटांची चिठ्ठी: डायलचे तीन फोटो दाखवून आकडा लिहायला सांगायचा. डायलवर प्रत्येक रेघ २ मिलिमीटरची असते, म्हणून १२५ लिहिणारी मुलगी रेघा न मोजता अंदाजाने लिहिते हे लगेच कळतं. ज्यांनी व्हिडिओ पाहिलेला नाही त्यांना कोपऱ्यात बसून आत्ता पाहू द्या. त्यांच्यासाठी लेक्चर परत घेऊ नका. एकदा घेतलं की पुढच्या वेळी कुणीच बघून येत नाही.

नंतरची पंधरा मिनिटं तिसरी पायरी. मुली एकेक कृती सांगतात आणि ट्यूटर फक्त सांगितलं तेवढंच करते. रुग्ण पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. त्यांनी "हात टेबलावर ठेवा" सांगायचं विसरलं तर हात खाली लोंबकळताच ठेवायचा आणि बीपी घ्यायचं. आकडा चढतो. कुणीतरी "मॅडम, हात!" म्हणेपर्यंत थांबा.

मग पन्नास मिनिटं: चौघींचा गट

पाच गट, पाच यंत्रं, दोन ट्यूटर. गटात एक रुग्ण, एक मोजणारी, एक दुसऱ्या कानाची, एक चेकलिस्टवाली. दुसऱ्या कानासाठी दोन जोड्यांचा टीचिंग स्टेथोस्कोप लागतो. एकच असेल तर तो गटागटांत फिरवा. दोघी एकाच वेळी ऐकतात, पण आकडा आपापल्या कागदावर, एकमेकींना न दाखवता लिहितात. ४ पेक्षा जास्त फरक आला की एक मिनिट थांबून परत. बारा मिनिटांनी भूमिका बदलायची.

कफ बांधताना दंडाचा घेर टेपने मोजायला लावा. कफच्या आतल्या रबरी पिशवीने घेराचा साधारण ८० टक्के भाग वेढायला हवा. पहिल्या वर्षाच्या कित्येक मुलींचा दंड २२-२३ सेंटिमीटरचा असतो. त्यांना मोठ्यांचा नेहमीचा कफ सैल पडतो आणि बीपी खरं आहे त्याहून कमी दिसतं. बाही वर गुंडाळून दंडाला आवळली असेल तर ती पूर्ण काढायला सांगा.

आवाज न येण्याची कारणं ठरलेली आहेत: कानातली टोकं पुढच्या दिशेला नसणं, स्टेथोस्कोपची चकती दुसऱ्या बाजूला फिरलेली असणं किंवा ती ठिपक्यावर नसणं. चकतीवर बोटाने टकटक केली की पहिली दोन लगेच कळतात. आपल्या कडे आणखी एक कारण असतं, कूलर. एप्रिल-मे मध्ये कूलरच्या घरघरीत कोणालाच काही ऐकू येत नाही. उन्हाळ्यात हा तास सकाळी ठेवा आणि मोजताना कूलर बंद करा.

ज्यासाठी जास्त वेळ ठेवायचा

सगळ्यात जास्त वेळ एका चुकीवर द्यावा. समजा, रुग्णाचं खरं बीपी १६८/९६ आहे. काही उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत आवाज मध्येच गायब होतो आणि खाली परत येतो. इथं तो १५० ला थांबतो आणि १३० ला परत सुरू होतो असं धरा. मुलीने अंदाजाने १४० पर्यंत पंप केलं. तिथं शांतता, १३० ला पहिला ठोका, ९६ ला आवाज संपला. तिने लिहिलं १३०/९६. तिचा कान चुकला नाही, तरी आकडा ३८ ने कमी.

उपाय बोटांत आहे. आधी मनगटाची नाडी धरून पंप करायचं; ती साधारण १६४ ला लागेनाशी होते. हवा सोडा, एक मिनिट थांबा. आता त्याच्यावर ३० चढवून १९४ पर्यंत न्या आणि सेकंदाला २ मिलिमीटर या वेगाने सोडा. १६८ ला पहिला ठोका पकडला जातो. हा आकड्यांचा खेळ फळ्यावर न करता डायल हातात घेऊन, तोंडाने ठोके देत करून दाखवा. मुली हसतात, पण बोट ठेवायला विसरत नाहीत.

हवा भसकन सोडण्याची सवयही इथंच दिसते. वेगात सुई दोन ठोक्यांच्या मध्ये बरीच खाली जाते, त्यामुळे वरचा आकडा कमी येतो आणि खालचा जास्त.

शेवटची वीस मिनिटं आणि दुसरा दिवस

सगळ्या गटांचे कागद भिंतीवर लावा. शून्यावर संपणारे आकडे मुलींनीच मोजावेत. डायलवर शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी काहीही येऊ शकतो, म्हणजे शून्य पाचात एकदा यायला हवा. निम्म्याहून जास्त शून्य दिसले तर कानाने ऐकलेलं नाही, मनाने ठरवलेलं आहे. दुसऱ्या दिवशी वॉर्डात प्रत्येकीला तीन रुग्ण द्या, दुसरा कान ट्यूटरचा ठेवा, आणि तेच मोजमाप आठवडाभराने वॉर्डच्या चार्टवर परत करून बघा.