साध्या दोलकाचा ग्राफ: जर्नल देण्याआधी काय तपासाल

नागपूरच्या बारावीच्या मुलांनो, दोलकाचं जर्नल सहीला देण्याआधी तक्ता आणि ग्राफ शेजारी ठेवून बसा. सुरुवात तक्त्यापासून करा. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर राशी आणि तिचं एकक हवं: L मीटरमध्ये, 20 दोलनांचा वेळ सेकंदात, T सेकंदात आणि T² सेकंद वर्गात. शेवटचं एकक सर्वांत जास्त वेळा चुकतं, कारण वर्ग आकड्याचा करतात आणि एकक तसंच राहतं. L = 0.80 मीटरला 35.9 सेकंद लागले, तर T 1.795 आणि T² 3.22. कॅल्क्युलेटरवर दिसतात तितके दशांश उतरवू नका. तुमचं घड्याळ तेवढं बारीक मोजत नाही.

आता ग्राफ. आडव्या अक्षावर L, उभ्यावर T², दोन्हींसोबत एककं, आणि कोपऱ्यात स्केल. आडवं 1 सेंमी = 0.1 मीटर, उभं 1 सेंमी = 0.2 सेकंद² घेतलं, तर L = 1.00 ला येणारा 4.04 हा बिंदू सुमारे 20 सेंमी उंचीवर बसतो आणि कागद नीट भरतो. 1 सेंमी = 0.3 असं स्केल मात्र नको. त्यात लहान चौकोन 0.03 चा होतो आणि प्रत्येक बिंदू मांडताना डोकं खाजवावं लागतं.

रेषेवर सर्वांत जास्त वेळ द्या. पट्टी ठेवून एकच सरळ रेषा काढा, काही बिंदू वर आणि काही खाली राहतील अशी. बिंदू जोडत जाऊ नका, आणि रेषा ओढूनताणून आरंभबिंदूतून नेऊ नका. समजा तुम्ही दोरा फक्त हुकापर्यंत मोजला आणि गोळ्याच्या मध्यापर्यंतचे 2 सेंमी राहिले. मग रेषा उभ्या अक्षाला 0.08 वर, म्हणजे कागदावर 4 मिमी वर कापेल. तशीच राहू द्या, कारण त्या चुकीनं चढ बदलत नाही. चढ 4.05 आला, तर g = 4π²/चढ = 9.75. तीच रेषा शून्यातून ओढलीत, तर चढ 4.13 च्या आसपास जातो आणि g 9.56 वर घसरतो. चढासाठी रेषेवरचेच दोन लांबचे बिंदू घ्या, तक्त्यातले नव्हे, आणि त्रिकोण ग्राफवर दिसू द्या.

शेवटी g कडे पाहा. नागपूर सुमारे 21 अंश अक्षांशावर आहे, इथे g साधारण 9.79 मी/से² असतो. 9.75 चालेल. 10.8 आला आणि रेषा मात्र सुरेख सरळ आहे, तर ग्राफमध्ये दोष शोधत बसू नका. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलं असेल, तर 19 दोलनांचा वेळ 20 नं भागला गेला. मग ती वाचनं पुन्हा घ्या.