८० टक्के जुळणारा उमेदवार ६० टक्केवाल्याच्या मागे कसा जातो?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याला हिशेबाला माणूस हवाय, असं धरू. जुने दिवाणजी वयामुळे घरी बसणार आहेत. नोकरीच्या साइटवर जाहिरात टाकली की प्रत्येक अर्जाशेजारी एक आकडा येतो: ९० टक्के जुळतो, ८० टक्के जुळतो. मालक वरचे दोन-तीन अर्ज उघडतात आणि खालचे उघडतच नाहीत. त्या एका आकड्यावर किती विसंबायचं आणि आपला आकडा आपणच कसा काढायचा, ते या उदाहरणावर पाहू. उमेदवार काल्पनिक आहेत, पण काम अगदी रोजचं आहे.

जाहिरातीत दहा अपेक्षा आहेत: टॅली, जीएसटी रिटर्न स्वतः भरता येणं, ई-वे बिल, बँकेचा मेळ, एक्सेल, बी.कॉम., हिंदी बोलणं, दुचाकी, टायपिंगचं सर्टिफिकेट आणि एमएस-सीआयटी. अर्ज तीन आले. विट्याच्या बाईंकडे जीएसटी सोडून सगळं आहे, म्हणजे ९० टक्के. मिरजेच्या मुलीला जीएसटी आणि ई-वे बिल येत नाही, म्हणजे ८० टक्के. तासगावच्या मुलाकडे बी.कॉम., दुचाकी, टायपिंग आणि एमएस-सीआयटी नाही. तो ६० टक्क्यांवर, यादीत सगळ्यात खाली.

आधी त्या ६० मध्ये काय दडलंय ते पाहा

सगळ्याच साइट असा आकडा एकाच रीतीने काढत नाहीत. पण सगळ्यात सोपी रीत अशी: दहापैकी किती खुणा जुळल्या ते मोजायचं, दहाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. यात वजनं दिलेलीच नाहीत, असं वाटतं. खरं तर ती दिलेली असतात, सगळ्यांना सारखी. दर महिन्याला रिटर्न भरणं आणि दुचाकी असणं, दोन्हींना दहा-दहा टक्के. मालकांना कुणी तोंडावर विचारलं असतं, तर त्यांनी हे कधीच मान्य केलं नसतं.

दुसरी खोच यादी कशी लिहिली त्यात असते. एक्सेल, टायपिंग, एमएस-सीआयटी या तीन वेगळ्या ओळी आहेत, पण विचारायचं बरंचसं एकच होतं: माणूस कॉम्प्युटरवर बसून काम करेल ना? एका प्रश्नाच्या तीन ओळी केल्या की त्याला न मागता तिप्पट वजन मिळतं. तासगावच्या मुलाचे वीस टक्के एवढ्यानेच गेले. त्याला एक्सेल येतंय, फक्त दोन कागद नाहीत. म्हणून वजनं द्यायच्या आधी यादी वाचा आणि एकाच गोष्टीच्या ओळी शेजारी-शेजारी आणा.

वजन ठरवायला दोन प्रश्न

अर्ज उघडण्याआधी वजनं कागदावर लिहून ठेवा. ओळखीच्या माणसाचा अर्ज एकदा पाहिला की त्याच्याकडे जे आहे तेच आपल्याला महत्त्वाचं वाटू लागतं, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही.

प्रत्येक अपेक्षेला दोन प्रश्न विचारा. ही गोष्ट नसेल तर दुकानाचं काय अडेल? आणि रुजू झाल्यावर ती शिकवायला किती वेळ लागेल? जास्त अडतं आणि शिकायला वेळ लागतो, त्याला जास्त वजन.

जीएसटीचंच बघा. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरावा लागतो. ३बी ला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. पण व्यापाऱ्याला पैशांपेक्षा जास्त डोकेदुखी होते ती ११ तारीख चुकली की. आपली विक्रीची बिलं जीएसटीआर-१ मधून जातात; ती खरेदीदाराच्या त्या महिन्याच्या २बी मध्ये, म्हणजे त्याला मिळणाऱ्या कर-क्रेडिटच्या यादीत, दिसत नाहीत, त्याचं क्रेडिट लांबतं आणि त्याचा फोन येतो. हे काम नव्या माणसाला आठ दिवसांत शिकवून होत नाही. टायपिंगचं सर्टिफिकेट नसेल, तर यातलं काहीही अडत नाही.

ई-वे बिलाचं अडणंही मोठं आहे. राज्याबाहेर ५० हजारांवरचा माल जाताना ते लागतं, आणि हळदीची गाडी ५० हजारांत कुठली भरते? बिल नसेल किंवा गाडीचा नंबर चुकला असेल, तर माल रस्त्यात अडतो. पण पोर्टलवर बिल काढणं जीएसटी रिटर्नपेक्षा लवकर शिकता येतं, म्हणून त्याचं वजन थोडं कमी.

एकूण १०० गुण धरून असं वाटप होईल:

| अपेक्षा | वजन | विटा | मिरज | तासगाव |
|---|---|---|---|---|
| जीएसटी रिटर्न | २५ | ० | ० | १ |
| टॅली | २० | १ | १ | १ |
| ई-वे बिल | १५ | १ | ० | १ |
| बँकेचा मेळ | १५ | १ | १ | १ |
| एक्सेल | ५ | १ | १ | १ |
| बी.कॉम. | ५ | १ | १ | ० |
| हिंदी | ५ | १ | १ | १ |
| दुचाकी | ४ | १ | १ | ० |
| टायपिंग | ३ | १ | १ | ० |
| एमएस-सीआयटी | ३ | १ | १ | ० |
| एकूण | १०० | ७५ | ६० | ८५ |

माणसं तीच, अर्ज तेच. आधी क्रम विटा, मिरज, तासगाव असा होता. आता तासगाव, विटा, मिरज असा झाला.

हे शीटमध्ये करायचं असेल तर A मध्ये अपेक्षा, B मध्ये वजन आणि C पासून पुढे एकेक उमेदवार ठेवा. दुसऱ्या ओळीपासून अकराव्या ओळीपर्यंत आकडे भरा आणि C12 मध्ये हे सूत्र लिहून उजवीकडे ओढा:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$11,C2:C11)/SUM($B$2:$B$11)
```

त्या ओळीला टक्क्यांचं फॉरमॅट द्या. वजनांची बेरीज १०० आली नाही तरी सूत्र बिघडत नाही, कारण ते बेरजेनेच भागतं.

खूण करण्याआधी बसवून पाहा

बायोडेटावर "टॅली" लिहिलेलं असतं, पण त्यामागे खूप वेगवेगळी माणसं असतात. कुणी फक्त पावत्या भरलेल्या असतात, कुणी वर्षअखेरीचा मेळ लावलेला असतो. म्हणून ० आणि १ च्या मध्ये ०.५ ठेवा आणि अर्धा कशाला म्हणायचं, तेही आधी लिहून ठेवा. एका महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि त्याच महिन्याचं खातं समोर ठेवा. न वटलेले चेक आणि बँकेने कापलेले चार्जेस स्वतः शोधले तर १, दाखवल्यावर समजले तर ०.५.

समजा तासगावच्या मुलाने ई-वे बिल काढलंय, पण वाटेत गाडी बदलली तर नवा नंबर कुठे भरायचा हे त्याला सांगता आलं नाही. मग तिथे ०.५, आणि त्याचे गुण ७७.५. विट्याच्या बाईंचे ७५. अडीच गुणांच्या फरकावर मी कुणालाही निवडणार नाही. वजनं आपण अंदाजानेच दिलेली आहेत, तेव्हा इतका फरक बरोबरीच समजावा.

एखादी गोष्ट विचारायचीच राहिली असेल, तर रिकाम्या जागी शून्य भरू नका. "येत नाही" आणि "माहीत नाही" हे वेगळं आहे. सूत्राला मात्र दोन्ही सारखंच दिसतं. रिकामा चौकोन ते शून्यच धरतं. फोन करून विचारा.

काही गोष्टी वजनाने भरून निघत नाहीत

बेरजेचा एक मोठा दोष आहे: एका जागचं शून्य दुसऱ्या जागचे गुण झाकतात. बाईंचे ७५ गुण चांगलेच आहेत, पण दुकानात दुसऱ्या कुणालाही रिटर्न भरता येत नसेल, तर २० तारखेला त्या ७५ चा उपयोग नाही. अशी अपेक्षा वजनांच्या यादीतून काढा आणि आधीची चाळणी करा. आहे की नाही, एवढंच पाहायचं. नसेल तर बाकीचे गुण मोजायचेच नाहीत.

पण चाळणीत एक किंवा दोनच गोष्टी घाला. प्रत्येक मालकाला सगळंच "अत्यावश्यक" वाटतं. पाच चाळण्या लावल्या की तीन अर्जांतला एकही उरत नाही.

मग वजनं हलवून पाहा

सांगलीत बऱ्याच पेढ्यांचे रिटर्न बाहेरचे कर सल्लागार भरतात. या व्यापाऱ्यानेही तसं करायचं ठरवलं, तर जीएसटी ही चाळणी राहत नाही आणि तिचं वजन २५ वरून ५ वर येतं. उरलेले २० गुण सल्लागाराला वेळेत स्वच्छ आकडे देण्यासाठी जे लागतं, त्याला द्या: बँकेचा मेळ २५, ई-वे बिल २०, एक्सेल १०. ई-वे बिलात सगळ्यांना आधीच्या तक्त्याप्रमाणेच गुण धरले, तर आता विटा ९५, तासगाव ८५, मिरज ७५. बाई पहिल्या आल्या.

तासगावचा मुलगा दोन्ही वेळा ८५ वरच राहिला, कारण त्याच्याकडे नसलेल्या चार गोष्टींचं वजन दोन्हीकडे मिळून १५ च आहे. इथे एक सोपी वाट सापडते. दोघांची तुलना करताना दहा वजनांवर वाद घालत बसू नका. कुणाचं काय गेलं एवढंच पाहा. मुलाचे १५ गेले, बाईंचं गेलं ते फक्त जीएसटीचं वजन. म्हणजे जीएसटीला १५ पेक्षा जास्त द्यायचे की कमी, एवढा एकच प्रश्न उरतो. मिरजेच्या मुलीबद्दल तर तोही उरत नाही: तिच्याकडे आहे ते सगळं बाईंकडे आहे, वर ई-वे बिलही आहे. वजनं कशीही फिरवा, ती बाईंच्या पुढे जाणार नाही. नुसत्या टक्क्यांत मात्र ती मुलापेक्षा २० ने वर दिसत होती.

नोकरी शोधणाऱ्यांनाही हाच हिशेब उलट बाजूने करता येतो. साइटने ६० टक्के दाखवलं, तर उरलेल्या ४० त काय आहे ते जाहिरातीत ओळीने वाचा. गेले ते फक्त कागद असतील, तर अर्ज करा आणि पहिल्याच ओळीत लिहा: जीएसटीआर-१ आणि ३बी स्वतः भरतो, किती महिने भरले तेही. गेलं ते मुख्य कामच असेल, तर ९० टक्के दिसले तरी आधी फोन करून विचारा की रिटर्न दुकानात भरतात की बाहेर.

आणि व्यापाऱ्याने मुलाखतीच्या आधी कर सल्लागाराला महिन्याची फी विचारावी. ती फी आणि बाईंचा पगार मिळून मुलाच्या पगारापेक्षा किती जास्त होतं, ते कागदावर मांडलं की जीएसटीला किती वजन द्यायचं हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.